यजमान मराठी, पाहुणी इंग्रजी : मिश्र प्रश्नावलीला उत्तर देण्याचा इतिहास

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेव्हा त्याच्या पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ होते. एका स्तंभात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. वाचकाला कोणती भाषा येते हे आधी कळणार नसेल तर मजकूर दोनदा छापावा, हा तोडगा साधा होता आणि त्या काळाला योग्यही होता, कारण मराठी वाचणारा आणि इंग्रजी वाचणारा हे तेव्हा बहुधा वेगळे लोक होते. पुढे ते एकाच माणसात आले. एकच माणूस एकाच कागदावर दोन प्रश्न मराठीत विचारतो, तिसऱ्यात निम्मे शब्द इंग्रजी घालतो, चौथा सरळ इंग्रजीत विचारतो आणि पाचव्याला पुन्हा मराठीत येतो. अशा माणसापुढे दोन स्तंभांचा तोडगा चालत नाही. त्याला दोन उत्तरे नको असतात, एकच हवे असते. ते कोणत्या भाषेत द्यायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याने मध्येच भाषा का बदलली हे ओळखून कसे द्यायचे, हा प्रश्न खिडकीमागच्या कारकुनालाही पडतो आणि आता प्रश्नांना उत्तरे देणारी संगणकीय यंत्रणा घडवणाऱ्यांनाही पडला आहे. या दुसऱ्या मंडळींनी ज्या कामाच्या आधारावर विचार सुरू केला, त्याचा एक महत्त्वाचा धागा मराठीतून जातो. आपल्याकडे तो फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून हा लेख.

अरविंद जोशी यांचा जन्म १९२९ चा, पुण्याचा. पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकी, मग बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथून अमेरिका. १९६० मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि पुढचे सगळे आयुष्य तिथेच शिकवण्यात घालवले. संगणकीय भाषाविज्ञानात त्यांचे नाव वृक्षरूप व्याकरणाच्या एका पद्धतीसाठी घेतले जाते. त्या कामाला मोठे पुरस्कारही मिळाले. मला मात्र त्यांचा एक सहा पानांचा निबंध अधिक जवळचा वाटतो. १९८२ साली प्राग येथे भरलेल्या संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी तो मांडला. विषय होता, एकाच वाक्यात भाषा बदलते तेव्हा ते वाक्य यंत्राने कसे वाचावे. आणि उदाहरणे होती मराठी-इंग्रजीची.

त्याआधी दोनच वर्षे शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन लोकांच्या स्पॅनिश-इंग्रजी बोलण्यावर गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांच्या मांडणीत दोन्ही भाषा बरोबरीच्या होत्या: दोघींची रचना जिथे जुळते तिथे सांधा बदलता येतो. स्पॅनिश आणि इंग्रजी यांचा शब्दक्रम बऱ्यापैकी सारखा असल्याने हे तिथे चालून जाते. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि इंग्रजी जे नामाच्या आधी ठेवते ते आपण नामाला मागून चिकटवतो. सांधा जुळण्याची वाट पाहत बसलो तर मराठी माणसाला मिश्र वाक्य बोलताच येणार नाही. पण तो तर दिवसभर बोलतो.

जोशींनी बरोबरी सोडून दिली. त्यांचे निरीक्षण असे की मिश्र वाक्य ऐकणाऱ्याला ते मुळात कोणत्या भाषेचे आहे याबद्दल सहसा शंका नसते. बोलणारा आणि ऐकणारा यांचे त्यावर एकमत असते. त्या मूळ भाषेला त्यांनी ‘मॅट्रिक्स’ म्हटले आणि आत बसवलेलीला ‘एम्बेडेड’. मी त्यांना यजमान आणि पाहुणी म्हणतो. पाहुणीला घरात येता येते, पण तिच्या खोलीत शिरलेल्या यजमानाला पुन्हा मध्येच आपला कारभार सुरू करता येत नाही. म्हणजे इंग्रजीचा एक सलग तुकडा सुरू झाला की त्या तुकड्याच्या पोटात परत मराठी येत नाही. दुसरी अट अधिक उपयोगाची. भाषेतले जे छोटे, मोजके, बांधकामाचे शब्द असतात, म्हणजे काळ दाखवणारे प्रत्यय, सहायक क्रियापदे, विभक्ती, ‘काही’, ‘प्रत्येक’ यांसारखे शब्द, ते पाहुणीचे सुटे सुटे घेता येत नाहीत. ते यजमानाचेच लागतात. म्हणून ‘टेबलवर ठेवलंय’ हे आपण सहज म्हणतो, पण ‘ऑन टेबल ठेवलंय’ असे कोणी म्हणत नाही. ‘काही फाइल्स आणल्या’ चालते, ‘सम फाइल्स आणल्या’ कानाला खटकते. क्रियापदही इंग्रजी आले तर त्याला ‘करणे’चा आधार लागतो: ‘सबमिट केला’. कॉलेजातली मुले गंमत म्हणून ‘चॅटलो’ वगैरे म्हणतात, तो भाग वेगळा. गंमत आहे हे त्यांनाही ठाऊक असते.

या नियमाची ताकद एका वाक्यावर तपासून पाहू. ‘फॉर्म ऑनलाइन सबमिट केला तर डॉक्युमेंट्सची हार्ड कॉपी लागते का?’ दहा शब्द. त्यांतले फॉर्म, ऑनलाइन, सबमिट, डॉक्युमेंट्स, हार्ड आणि कॉपी हे सहा इंग्रजी. मराठी उरले केला, तर, लागते आणि का, शिवाय ‘डॉक्युमेंट्स’ला चिकटलेला ‘ची’. शब्दांचे मतदान घेतले तर वाक्य इंग्रजी ठरते. पण वाचणारा कोणीही मराठी माणूस त्याला मराठी म्हणेल, आणि का म्हणेल हे जोशींच्या नियमावरून सांगता येते: काळ, अट, प्रश्न आणि विभक्ती, वाक्याचे सगळे बांधकाम मराठीचे आहे. पुढे १९९३ मध्ये कॅरोल मायर्स-स्कॉटन यांनी आफ्रिकेतल्या भाषांवरून जी मोठी उपपत्ती मांडली, तिचा कणा हीच यजमान-पाहुणीची कल्पना आहे. आज जगभर ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

संगणकाच्या जगाने मात्र नेमका मतदानाचाच रस्ता बराच काळ धरला. १९९४ मध्ये कॅव्हनार आणि ट्रेंकल यांनी मजकुराची भाषा ओळखण्याची एक सुबक रीत दिली. मजकुराचे एक ते पाच अक्षरांचे तुकडे पाडायचे, जास्तीत जास्त वेळा आलेल्या तुकड्यांची क्रमवारी लावायची, आणि ती प्रत्येक भाषेच्या तयार क्रमवारीशी ताडून जी सर्वांत जवळची ती भाषा मानायची. त्यांची अचूकता ९९.८ टक्के आली. हा आकडा खरा आहे, पण त्यामागे एक गृहीत आहे: एका मजकुराची भाषा एकच असते. मिश्र यादीला ही रीत लावली की ती निमूटपणे एक उत्तर देते, आणि ते चुकले हे कळायला कोणती खूणही उरत नाही. शब्दाशब्दाची भाषा वेगळी ओळखण्याची एक सामूहिक स्पर्धा २०१४ मध्ये झाली, म्हणजे जोशींच्या निबंधानंतर बत्तीस वर्षांनी. तिच्यात स्पॅनिश होती, नेपाळी होती, चिनी होती, अरबी होती. मराठी नव्हती.

आता यादीकडे वळू. जोशींनी स्वतःची मर्यादा शीर्षकातच सांगितली होती: त्यांचा विषय एका वाक्याच्या आतला बदल. पण माणूस जेव्हा पहिला प्रश्न मराठीत आणि चौथा पूर्ण इंग्रजीत विचारतो, तेव्हा प्रत्येक वाक्य आपापल्या घरी शुद्धच असते. तिथे व्याकरण गप्प बसते. त्या जागी उपयोगी पडणारी दोन कामेही योगायोगाने त्याच १९८२ सालची आहेत.

एक जॉन गम्पर्झ यांचे ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ हे पुस्तक. गम्पर्झ भारताचे जुने अभ्यासक. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावी मराठी, कानडी आणि उर्दू शतकानुशतके शेजारी राहून एकमेकींसारख्या कशा झाल्या यावरचा रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. या पुस्तकात त्यांनी विचारले की माणूस वाक्यावाक्यात भाषा बदलतो तेव्हा त्यातून काय काम करून घेतो. त्यांना आढळलेली कामे अशी: दुसऱ्याचे म्हणणे उद्धृत करणे, समोरच्यांपैकी नेमके कोणाशी बोलतो आहोत ते दाखवणे, तेच म्हणणे जोर देण्यासाठी पुन्हा सांगणे, आणि आपला त्या गोष्टीशी असलेला जवळचा किंवा लांबचा संबंध सुचवणे. म्हणजे भाषा बदलणे हाही मजकुराचाच भाग आहे. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याने तो वाचायला हवा.

दुसरे काम जेरल्ड कॅप्लन यांचे, आणि तेही जोशींच्याच विद्यापीठातले. कॅप्लन यांनी साठवलेल्या नोंदींना साध्या इंग्रजीत प्रश्न विचारता येतील अशी प्रणाली केली होती. तिचा मुद्दा एका उदाहरणात मावतो. अमुक सत्रात अमुक विषयात किती विद्यार्थी नापास झाले, असे कोणी विचारले. ‘एकही नाही’ हे उत्तर खरे आहे. पण त्या सत्रात तो विषय शिकवलाच गेला नसेल, तर ते खरे उत्तर विचारणाऱ्याला फसवते. कॅप्लन यांच्या मते सहकार्याचे उत्तर म्हणजे प्रश्नाच्या पोटातली समजूत तपासून दिलेले उत्तर. एकाच विद्यापीठात, जवळजवळ एकाच वेळी, मिश्र वाक्य कसे वाचावे आणि प्रश्नाला शहाणपणाने उत्तर कसे द्यावे यावर काम चालू होते. ते दोन कागद एकत्र ठेवले तर आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर हाती येते. मी ते एकत्र ठेवून पाहिले.

त्यासाठी मी एक यादी रचली. एका सार्वजनिक ग्रंथालयाला कोणी नवे गृहस्थ लिहितात असे समजा. त्यांचे प्रश्न: एक, सभासद व्हायला कोणती कागदपत्रे लागतात? दोन, अनामत किती आणि छापील अर्जाचे शुल्क किती? तीन, फॉर्म ऑनलाइन सबमिट केला तर डॉक्युमेंट्सची हार्ड कॉपी लागते का? चार, इज इट रिफंडेबल, अँड कॅन वी अप्लाय जॉइंटली? पाच, रहिवासी दाखला लागत नाही ना? सहा, डू यू इश्यू अ स्टॅम्प्ड रिसीट? हे मुलीच्या कंपनीला पाठवायचे आहे.

पहिले दोन सरळ आहेत. तिसऱ्याचे आपण पाहिलेच: यजमान मराठी, म्हणून उत्तर मराठी. पण त्यांतले पाहुणे शब्द हाकलू नयेत. विचारणाऱ्याने ‘हार्ड कॉपी’ म्हटले असताना उत्तरात एकदम ‘मुद्रित प्रत’ आली, तर त्याला क्षणभर वाटते की ही आणखी वेगळी वस्तू आहे. मराठीच्या प्रेमापोटी केलेली ही दुरुस्ती त्याच्या कामात अडथळा आणते. आणि संकेतस्थळाच्या बटणावर इंग्रजी शब्द असेल तर तो त्याला शोधायचाही असतो. शब्द त्याचा ठेवावा, बांधकाम मराठीचे नीट करावे. तिथे लिंगाचा प्रश्न येतोच. फॉर्म आपल्याकडे पुल्लिंगी झाला, कॉपी आणि फी स्त्रीलिंगी, तिकीट नपुंसकलिंगी. ‘फॉर्म भरली’ असे उत्तर आले की लिहिणाऱ्याला मराठी येत नाही हे लगेच कळते, मग बाकीचे शब्द कितीही शुद्ध असोत.

खरी मेख चौथ्यात आहे. ‘इट’ म्हणजे काय? लगेच आधीच्या प्रश्नात फॉर्म आहे आणि हार्ड कॉपी आहे, पण त्या परत मिळण्याच्या वस्तू नव्हेत. एक प्रश्न मागे गेले की अनामत आणि शुल्क असे दोन उमेदवार सापडतात. गृहस्थ मराठीतच राहिले असते तर ‘ती परत मिळते का’ किंवा ‘ते परत मिळते का’ असे विचारावे लागले असते, आणि लिंगावरूनच अनामत की शुल्क हे कळले असते. इंग्रजीत शिरताना ती खूण गळून पडली. भाषा बदलली की शब्दांबरोबर व्याकरणाने फुकट दिलेली माहितीही जाते, आणि उत्तर देणाऱ्याला ती उरलेल्या यादीतून भरून काढावी लागते. इथे उलट प्रश्न विचारण्याची गरज नाही. ‘अनामत परत मिळते, अर्जाचे शुल्क मिळत नाही’ एवढ्या एका वाक्यात दोन्ही शक्यता मिटतात. उलट प्रश्न तेव्हाच विचारावा, जेव्हा दोन अर्थांची उत्तरे वेगळी असतात आणि दोन्ही एका ओळीत मावत नाहीत.

त्याच प्रश्नातला ‘वी’ तितकाच सरळ नाही. मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ‘आपण एकत्र अर्ज करू शकतो’ असे कोणी घाईने उतरवले, तर ग्रंथपाल स्वतःच त्या गृहस्थांबरोबर सभासद व्हायला निघाला असा अर्थ होतो. उत्तरात ‘तुम्हा दोघांना एका अर्जावर सभासद होता येते’ असे म्हटले की गोंधळ राहत नाही, मात्र ‘दोघे’ हा आपला तर्क आहे हे लक्षात ठेवून ‘घरातल्या व्यक्तींना’ म्हणणे अधिक सुरक्षित. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये आदर दिसत नाही, पण त्याच गृहस्थांनी बाकीच्या यादीत जी पातळी ठेवली आहे तीच इथेही चालू ठेवायची. पत्र ‘तुम्ही’वर चालले असेल तर मधल्या इंग्रजी प्रश्नानंतर ते ‘आपण’वर उडी मारणार नाही, आणि ‘तू’वर तर नाहीच.

चौथ्याचे उत्तर कोणत्या भाषेत? काहींचे मत असते की ज्या भाषेत प्रश्न त्याच भाषेत उत्तर, ओळीला ओळ. मला ते पटत नाही. तसे केले की उत्तराचा कागद ठिगळांचा होतो, आणि समोरच्याच्या बोलण्याची लकब त्यालाच वेडावून दाखवल्यासारखी वाटते. या गृहस्थांनी यादीची चौकट मराठीत बांधली आहे; चौथ्यात इंग्रजी आले ते बहुधा ‘रिफंडेबल’ आणि ‘जॉइंटली’ हे व्यवहाराचे शब्द आधी सुचले म्हणून. चौकट मराठी, म्हणून उत्तर मराठी. जोशींचा यजमान वाक्यातून उचलून यादीवर नेला तर असे होते. जोशींनी हे म्हटलेले नाही, हा विस्तार माझा आहे.

पण सहावा प्रश्न याच चौकटीत असूनही त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागते. तिथे इंग्रजी कोणासाठी आहे ते त्यांनी स्वतःच पुढच्या मराठी वाक्यात सांगितले: मुलीच्या कंपनीसाठी. गम्पर्झ ज्याला कोणाशी बोलतो आहोत ते दाखवणे म्हणतात, ते हेच. इथे एक वाक्य स्वच्छ इंग्रजीत, जसेच्या तसे पुढे पाठवता येईल असे, वेगळ्या ओळीवर द्यावे आणि त्याखाली गृहस्थांसाठी मराठीत एक वाक्य लिहावे. चौथा आणि सहावा, दोन्ही प्रश्न पूर्ण इंग्रजीत आहेत. शब्द मोजणाऱ्या यंत्राला ते सारखेच दिसतील. त्यांची उत्तरे वेगळ्या भाषांत जावीत, हे फक्त कारण वाचणाऱ्याला कळते.

पाचवा दिसायला सर्वांत सोपा आणि चुकायला सर्वांत सोपा. ‘रहिवासी दाखला लागत नाही ना?’ मराठीत ‘हो’ म्हणजे ‘हो, लागत नाही’: आपण समोरच्याच्या म्हणण्याला मान देतो. इंग्रजीत त्याच अर्थासाठी ‘नो’ म्हणतात, कारण तिथे उत्तर वस्तुस्थितीकडे पाहते. मिश्र यादीत माणूस नेमका कोणत्या सवयीने वाचणार हे कळायला मार्ग नाही. चौथा इंग्रजीत विचारून तो नुकताच पाचव्यावर आला आहे. म्हणून नुसते हो किंवा नाही लिहू नये, क्रियापद उच्चारावे: ‘दाखला लागतो’ किंवा ‘दाखला लागत नाही’. शिवाय कॅप्लन यांची गोष्ट इथे लागू पडते. पत्त्याच्या पुराव्यासाठी दाखल्याऐवजी वीजबिल चालत असेल, तर ‘लागत नाही’ हे खरे पण अपुरे. गृहस्थ काहीही न घेता येतील आणि परत जातील. ‘दाखला लागत नाही, पण पत्त्याचा काहीतरी पुरावा लागतो, वीजबिल चालेल’ हे पूर्ण उत्तर.

राहिला क्रमांकांचा भाग. चौथ्यात दोन प्रश्न आहेत आणि सहाव्यात एक प्रश्न व एक माहिती. भाषा बदलते तिथे वाचणाऱ्याचे लक्ष भाषेवर जाते आणि जोडप्रश्नातला दुसरा अर्धा हमखास सुटतो. अशा यादीला उत्तर देताना विचारणाऱ्याचेच क्रमांक ठेवावेत आणि शेवटी प्रत्येक ‘का’, ‘किती’, ‘कोणती’, ‘ना’ व इंग्रजीतला प्रत्येक प्रश्न मोजून पाहावा. या यादीत क्रमांक सहा, पण विचारलेल्या गोष्टी आठ आहेत.

हे सगळे मी देवनागरीत लिहिलेल्या यादीबद्दल बोललो. मोबाइलवर मराठी माणूस बहुधा रोमन अक्षरे दाबतो, आणि तिथे जोशींच्या नियमाचा पायाच हलतो. यजमान ओळखायचा तो छोट्या बांधकामाच्या शब्दांवरून, आणि रोमनमध्ये नेमके तेच शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात. टी आणि ओ लिहिले तर मराठी ‘तो’ की इंग्रजी ‘टू’? एच आणि ई म्हणजे मराठी ‘हे’ की इंग्रजी ‘ही’? ए-आर-ई म्हणजे ‘अरे’ की ‘आर’? पी-ए-एन ही तीन अक्षरे तर एकाच ओळीत एकदा आयकर खात्याचे पॅन आणि एकदा ‘पण’ होऊन येतात. शेजारचे शब्द पाहिल्याशिवाय, म्हणजे क्रियापद कुठे आहे आणि शेवटी ‘का’ आहे का हे पाहिल्याशिवाय, त्यांचा निकाल लागत नाही. यासाठी खऱ्या माणसांनी खरोखर टंकलेल्या मिश्र मराठीचा साठा लागतो. तो गोळा करण्याचे काम पुण्यात झाले: एल-थ्री-क्यूब या गटाने २०२३ मध्ये ‘माय बोली’ या नावाने मराठी-इंग्रजी मिश्र मजकुराचा संग्रह आणि त्यावर शिकवलेली प्रारूपे प्रसिद्ध केली. संग्रह समाजमाध्यमांवरच्या वाक्यांचा आहे. तिथे माणूस मत देतो, चिडतो, टोमणा मारतो. क्रमांक घालून सहा प्रश्न विचारणे हा प्रकार तिथे क्वचितच सापडणार. त्यासाठी ग्रंथालयांच्या, पतपेढ्यांच्या, विद्यापीठाच्या चौकशी खिडक्यांवर रोज येणाऱ्या चिठ्ठ्या पाहाव्या लागतील. त्या सध्या दिवसाअखेरीस रद्दीत जातात.